आंबा खाल्ला की दोन दिवसांत किलोभर वजन वाढतं, हा फळातल्या साखरेचाच प्रताप ना?

काटेकोर_काकू

वजन कमी करायचा प्रयत्न बरेच दिवस चालू आहे. मध्यंतरी काटा हलेना, म्हणून एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून "गोड फळं" बंद केली. आंबा, केळं, द्राक्षं, तिन्ही एकदम. आठवड्याभरात सव्वा किलो उतरलं! एवढी खुश झाले की विचारू नका. मग शनिवार-रविवारी घरी सगळे जमले होते, आंबे होते, द्राक्षं होती, राहवलं नाही. सोमवारी सकाळी काट्यावर उभी राहिले तर ९०० ग्रॅम जास्त. दोनच दिवसांत!

म्हणजे फळातली साखर सरळ चरबी होऊन बसते असंच समजायचं का? सफरचंद, पेरू, पपई खाते, त्याने असं होत नाही. या तीन फळांना आता कायमचा रामराम ठोकावा लागणार का? आणि खायचीच ठरवली तर किती खायची, हे कुणी नीट सांगेल का?

साखरबंदी

तुमच्या मैत्रिणीने अगदी योग्य सांगितलं. फळात फ्रुक्टोज असतं. ग्लुकोज सगळ्या शरीरात वापरलं जातं, पण फ्रुक्टोज जवळजवळ सगळं यकृताकडे जातं आणि तिथे त्याची चरबी बनते. फॅटी लिव्हर यातूनच होतं. त्यात आताची फळं मुद्दाम जास्त गोड व्हावीत अशीच वाढवलेली असतात. द्राक्षं म्हणजे तर साखरेच्या गोळ्याच. मी फळं पूर्ण सोडली आणि पोट आत गेलं. अनुभवाचे बोल आहेत.

उगवतीचा

फळं सूर्यास्तानंतर खाऊ नयेत. सकाळी रिकाम्या पोटी कितीही खा, काही होत नाही.

वजनमाप

काकू, माझं कामच आहारसल्ल्याचं आहे, त्यामुळे ही गोष्ट दर मोसमात ऐकते. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. ज्या आठवड्यात सव्वा किलो उतरलं, त्या आठवड्यात फक्त फळंच बंद केली होती की आणखीही काही? शनिवार-रविवारी फळं नेमकी कशी आणि किती खाल्लीत? आणि फळांशिवाय त्या दोन दिवसांत जेवण कसं होतं?

उगवतीचा, "कितीही" हा शब्द तेवढा मागे घ्या. वेळेने कॅलरी बदलत नाहीत. सकाळचा किलोभर आंबा हा संध्याकाळीही किलोभरच.

काटेकोर_काकू

तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. त्या आठवड्यात रात्रीचा भात आणि ब्रेडही बंद होता. बिस्किटं तर आधीच सुटली होती.

शनिवारी जेवणानंतर दोन आंबे, मध्यम आकाराचे. रविवारी मिल्कशेक झाला, एक मोठा ग्लास. त्यात एक आंबा, दूध, चार चमचे साखर आणि वर आइस्क्रीमचा गोळा (तो मुलाने घातला, मी नाही). द्राक्षं दोन्ही दिवस येता-जाता, दिवसाला पाव किलो तरी गेली असतील. जेवण बाहेरून मागवलं होतं, बऱ्यापैकी खारट होतं. भातही खाल्ला.

वजनमाप

मग हिशेब करूया.

आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ६० कॅलरी असतात. मध्यम आंबा ३०० ग्रॅमचा धरला तर कोय आणि साल वजा जाता गर जेमतेम २०० ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. शनिवारचे दोन आंबे झाले २४०. द्राक्षांच्या १०० ग्रॅममागे ७० च्या आसपास, म्हणजे पाव किलोच्या १७०. शनिवारची फळं मिळून ४१०. रविवारी शेकमधला आंबा १२०, पावशेर साईचं दूध दीडशेच्या थोडं वर, साखर ८०, आइस्क्रीम १३० च्या आसपास. ग्लास झाला ४८५ चा. द्राक्षं पुन्हा १७०. दोन दिवसांचे एकूण १०६५. यात फळांचे ७००, बाकीचे ३६५ दूध, साखर आणि आइस्क्रीमचे.

एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त जाव्या लागतात. म्हणजे हे सगळंच्या सगळं जादा धरलं, त्यापायी जेवणात एक घासही कमी केला नाही असं मानलं, तरी चरबी होते १४० ग्रॅम. काटा ९०० दाखवतोय. नुसत्या आंब्यांनी ९०० ग्रॅम चरबी करायची तर रोजच्या जेवणावर साडेअकरा किलो गर खावा लागेल. पन्नासहून जास्त आंबे. दोन दिवसांत. तुमची पाहुणेमंडळी कितीही आग्रही असली तरी हे जमायचं नाही.

मग उरलेले साडेसातशे ग्रॅम कुठून आले? बहुतेक पाणी. आपण जे पिष्टमय आणि गोड खातो त्यातला काही भाग स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. तुम्ही फळं, भात, ब्रेड एकदम बंद केलंत तेव्हा हा साठा उतरला. २०० ग्रॅम ग्लायकोजेन गेलं की त्याचं पाणी धरून काटा ८०० ग्रॅमने खाली येतो. पहिल्या आठवड्याच्या सव्वा किलोत मोठा वाटा याचा होता. भात आणि फळं परत आली, साठा भरला, पाणीही परत आलं. वर खारट जेवण, म्हणजे आणखी पाणी. शिवाय खाल्लेलं अन्न पोटात असतं त्याचंही वजन असतंच.

हे पाणीच आहे हे ओळखायचं कसं? चरबी एका रात्रीत वाढत नाही आणि एका रात्रीत उतरतही नाही. नेहमीच्या जेवणावर परत या, फळं प्रमाणात चालू ठेवा आणि रोज सकाळी त्याच वेळी, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. चार-पाच दिवसांत बरंचसं आपोआप उतरलं तर ते पाणी होतं. एका सकाळचा आकडा सोडून द्या, आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा.

साखरबंदी

पाण्याचं मान्य. पण फ्रुक्टोजचं काय? ते तुम्ही सोयीस्करपणे टाळलंत.

वजनमाप

टाळलं नाही, त्याला वेगळी जागा हवी होती. तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतच हाताळतं आणि ते खूप आणि वेगाने आलं की यकृतात चरबी बनायला लागते, हे खरं. पण ज्या प्रयोगांत हे ठळक दिसलं त्यांत फ्रुक्टोज पेयांतून आणि भरपूर दिलेलं असतं. एका आंब्याच्या २०० ग्रॅम गरात एकूण साखर २७ ग्रॅमच्या आसपास असते, त्यातलं फ्रुक्टोज सगळं मिळून १६ ग्रॅम. ६०० मिलीच्या गोड कोल्ड्रिंकमध्ये साखर साठ ग्रॅमच्या वर, म्हणजे फ्रुक्टोज तिसाच्या वर, आणि ते घशाखाली उतरतं पाच मिनिटांत.

हा वेगाचा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा पण छान प्रयोग आला होता. माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त, रसाने सगळ्यात कमी. आणि रसानंतर इन्सुलिन जास्त वर गेलं. साखर तीच, फळ तेच, फक्त चावायचं काम काढून घेतलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना साखर कमी करा म्हणते तेव्हा मध आणि फळांचा रस त्या साखरेत मोजते, अख्खं फळ मोजत नाही.

तुमचं पोट आत गेलं ते खोटं नाही. पण फळांबरोबर आणखी काय काय सुटलं होतं, तेही आठवून बघा.

साखरबंदी

रस, बिस्किटं, आइस्क्रीम सुटलं होतं. पण फळंही सुटली होती! कशाने काय झालं हे आता तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही नाही.

वजनमाप

हे मात्र शंभर टक्के मान्य.

पेन्शनीत_निवांत

मला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टर म्हणतात आंबा बंद. वरील चर्चेवरून असे दिसते की आंब्याने काही होत नाही. तर मी रोज एक खावा काय? सूनबाई आंबे लपवून ठेवते.

वजनमाप

काका, सूनबाईंना लगेच काही दाखवायला जाऊ नका. इथे वजनाचा प्रश्न चाललाय, तुमचा रक्तातल्या साखरेचा आहे. दोन्ही निराळे. तुमच्या गोळ्या कोणत्या आणि तुमची साखर सध्या किती हे मला माहीत नाही, त्यामुळे "रोज एक खा" असं मी सांगणार नाही.

डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल असं एक सांगते. डेन्मार्कमधला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकताच टाइप २ मधुमेह झालेली ६३ माणसं, १२ आठवडे. निम्म्यांना सांगितलं की दिवसाला दोनपेक्षा जास्त फळं नकोत, निम्म्यांना सांगितलं की दोन तरी खाच. शेवटी तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीत दोन गटांत फरक पडला नाही, आणि वजन दोन्हीकडे उतरलं. मात्र तिथे अख्खी फळं होती, रस नव्हता, आणि कुणी आंब्याची पेटी घेऊन बसलेलं नव्हतं.

डॉक्टरांना असं विचारा: अर्धा आंबा, त्या जेवणातला भात तेवढा कमी करून, चालेल का? "हो" म्हणाले तर खाण्याआधी आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघा आणि लिहून ठेवा. दोन-तीनदा बघितलंत की तुमच्या शरीराला अर्धा आंबा झेपतो का, हे तुमच्याच वहीत दिसेल. इन्सुलिन किंवा गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत.

पेन्शनीत_निवांत

अर्धा म्हणजे कोयीकडचा की दुसरा?

धांदरट

काका 😄 कोयीचा भाग हिशेबात नसतो असं आमच्याकडे सगळेच मानतात.

माझाही प्रश्न घ्या. केळं पिकलं की गोड होतं, म्हणजे साखर वाढते. मग हिरवट केळं खाल्लं तर वजन कमी होईल का? व्यायामाच्या आधी केळं खातो, तेही सोडू का?

वजनमाप

पिकताना केळ्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणून चव बदलते. बाहेरून कुणी साखर आणून घालत नाही. हिरवट केळ्यातलं काही पिष्ट नीट पचत नाही, त्यामुळे रक्तातली साखर थोडी सावकाश चढते, पण वजनाच्या हिशेबात या फरकाने फार काही हाती लागत नाही. केळ्याच्या कॅलरी त्याच्या आकारावर जास्त ठरतात. मध्यम केळं सोलल्यावर साधारण १२० ग्रॅम भरतं, १०५ कॅलरी. लहान असेल तर ९०, लांबलचक असेल तर १२० च्या वर.

व्यायामाआधीचं केळं ठेवा. पण व्यायाम म्हणजे वीस मिनिटं रमतगमत चालणं असेल तर त्यात केळ्याएवढ्या कॅलरी जळतीलच असं नाही. म्हणून ते नाश्त्यातलं फळ म्हणून मोजा, व्यायामाच्या खात्यावर टाकू नका.

शेवटची_फोड

माझ्या मते खरा गुन्हेगार द्राक्षं. आंबा कापावा लागतो, हात बरबटतात, कोय दिसते, किती खाल्लं ते कळतं. केळ्याचं साल समोर पडलेलं असतं. द्राक्षांचा पुरावाच राहत नाही. काल मालिका बघताना वाडगा घेऊन बसले, मालिका संपायच्या आत वाडगा संपला. आज मुद्दाम तसाच भरून वजन केलं, अर्धा किलो!

वजनमाप

अर्धा किलो म्हणजे साडेतीनशे कॅलरी आणि साखर पंचाहत्तर ग्रॅमच्या वर. तीन केळ्यांपेक्षा जास्त. आणि लागोपाठ तीन केळी खाताना माणूस दुसऱ्याच केळ्याला थांबतो.

प्रमाण विचारलं होतं ना काकूंनी, ते द्राक्षांपासूनच सांगते. एका वेळी १०० ग्रॅम पुरे. लहान द्राक्षं असतील तर साधारण वीस दाणे. पण मोठ्या जातीचा एकेक दाणा आठ-दहा ग्रॅमचा असतो, तिथे वीस मोजलेत तर दुप्पट खाल. म्हणून एकदाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० ग्रॅम तोला, ते तुमच्या कुठल्या वाटीत किती वर येतं ते बघून ठेवा आणि पुढे तीच वाटी वापरा. घड मात्र वाटी भरून झाली की परत फ्रिजमध्ये. बेदाणे हे त्याचं पर्यायी फळ समजू नका. पाणी निघून गेल्यामुळे १०० ग्रॅम बेदाण्यांत ३०० कॅलरी असतात.

आंबा: सोललेल्या फोडी दीडशे ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आंब्याचा पाऊण भाग. ९० कॅलरी. केळं एक, मध्यम. यांतलं एका वेळी एकच, आणि दिवसभरात अशी दोन प्रमाणं. बाकी पेरू, पपई आहेतच.

आता खरा मुद्दा. ही फळं वजन अडवतात का? भरपेट जेवणावर रोज दोन आंबे खाल्लेत तर हो, अडवतात. रोजच्या २४० प्रमाणे महिन्याच्या ७२०० कॅलरी, म्हणजे कागदावर किलोला थोडीच कमी चरबी. यात आंब्याच्या साखरेचा विशेष काही दोष नाही, ब्रेडच्या तीन स्लाइस वर खाल्ल्यात तरी साधारण तेच होईल. तोच आंबा आइस्क्रीमच्या किंवा बिस्किटांच्या जागी आला तर काटा खाली जायलाही मदत होते. म्हणून "किती" या प्रश्नाच्या आधी "कशाच्या जागी" हे ठरवा.

शेवटची_फोड

दीडशे ग्रॅमवर कोण थांबतं हो? माझं तर असं की अर्धा खाल्ला की उरलेला अर्धा फ्रिजमधून हाका मारतो. त्यापेक्षा अजिबात नको हे मला सोपं जातं.

धांदरट

लहान आंबे घ्या. एक म्हणजे एक, अर्धा ठेवायचा प्रश्नच नाही. आणि द्राक्षं गोठवून खाऊन बघा, दाणा चघळावा लागतो, वेळ लागतो. मात्र लहान मुलांना अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. उभी चिरून द्यायची.

वजनमाप

शेवटची_फोड, तुम्हाला पूर्ण बंद ठेवणं खरंच सोपं जात असेल तर ठेवा. आंबा न खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही, दुसरी फळं भाज्या पोटात गेल्याशी मतलब. पण तो "नको" महिनाभर टिकून मग एका रात्रीत चार आंब्यांवर मोडत असेल तर दीडशे ग्रॅमच परवडले. हे मी सांगू शकत नाही, तुमचं तुम्हालाच माहीत.

काटेकोर_काकू

परत आले. नेहमीच्या जेवणावर आले, रोज दुपारी आंब्याच्या दीडशे ग्रॅम फोडी चालूच ठेवल्या, त्या जेवणातला भात निम्मा केला. शुक्रवार सकाळपर्यंत ९०० मधले साधारण ६०० उतरले. उरलेले तीनशे अजून आहेत.

साखरबंदी, तुमचं काय म्हणणं?

साखरबंदी

तीनशे उरलेत ना? मी म्हटलंच होतं.

वजनमाप

त्यातले शंभर-दीडशे खरे असू शकतात, तेवढा हिशेब आपण सोमवारीच केला होता. बाकीचं इतक्यात सांगता येणार नाही. काकू, तुम्ही सकाळी पोट साफ व्हायच्या आधी वजन करता की नंतर? आणि काल रात्रीचं जेवण घरचं होतं की बाहेरचं?

काटेकोर_काकू

आधी. आणि बाहेरचं.